पंचवीस टक्के की अडीच टक्के? शिक्षकांच्या गैरहजेरीचे आकडे

केतकी_म: सरकारी शाळांतल्या शिक्षकांच्या गैरहजेरीवर काय काय अभ्यास झालेत ते वाचतेय. एकात २५ टक्के शिक्षक गैरहजर, दुसऱ्यात विनाकारण गैरहजर फक्त अडीच टक्के. कोण खरं? आणि कॅमेरा, अंगठा वगैरे लावून काही फरक पडतो का?

बोरूबहाद्दर: अडीच टक्केवाला अभ्यास कुणी केला ते आधी बघा. पगार भरपूर, नोकरी पक्की, मग शाळेत जायचं कशाला?

जुना_वाचक: दोन्ही आकडे खरे आहेत, मोजलेली गोष्ट वेगळी. २००३ साली क्रेमर, मुरलीधरन वगैरे अर्थतज्ज्ञांनी २० राज्यांत न सांगता शाळांना भेटी दिल्या. त्या वेळी शिक्षक शाळेच्या आवारात आहे की नाही, एवढंच पाहिलं. रजेवर असो, बैठकीला असो, नाही म्हणजे नाही. तसे २५ टक्के निघाले. राज्याराज्यांत फरक प्रचंड होता: महाराष्ट्र १५ टक्क्यांच्या आसपास, झारखंड ४२. अझीम प्रेमजी फाउंडेशनने २०१७ मध्ये सहा राज्यांतल्या ६१९ शाळा पाहिल्या. तिथेही साडेअठरा टक्के जागेवर नव्हतेच. पण रजा आणि सरकारी काम वजा केल्यावर अडीच टक्के उरले.

म्हणजे सगळा वाद त्या मधल्या सोळा टक्क्यांचा आहे. बोरूबहाद्दर, पगाराचं म्हणाल तर २००३ च्या पाहणीत जास्त पगाराचे शिक्षक कमी दांड्या मारतात असं दिसलं नाही, उलट जास्त पगार घेणारे ज्येष्ठ शिक्षक आणि मुख्याध्यापक जास्त वेळा गैरहजर होते. नोकरी पक्की हेही खरं. जवळपास ३००० सरकारी शाळांत मुख्याध्यापकांना विचारलं, तर वारंवार गैरहजेरीसाठी शिक्षकाला काढल्याचं फक्त एकाने सांगितलं.

खडूफळा: मी शिक्षिका आहे. दोनशिक्षकी शाळा. माझ्याकडे मतदार यादीचं काम आहे, सरांकडे पोषण आहाराच्या नोंदी. केंद्रावर बैठक लागली की एक जण जातो आणि दुसरा दोन वर्गखोल्यांत चार इयत्ता सांभाळतो. त्या दिवशी कुणी भेट दिली असती तर पन्नास टक्के गैरहजर लिहिलं असतं. शिक्षण हक्क कायद्यात जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून बिगरशैक्षणिक काम देऊ नये असं आहे. निवडणूक म्हटलं की त्यात काय काय बसतं ते विचारू नका.

भटक्या७७: आमच्या भाच्याच्या शाळेत मुलंच येत नाहीत, त्याचं काय? असो. कॅमेऱ्याने प्रश्न सुटतो हे राजस्थानात सिद्ध झालंय. सगळीकडे लावा आणि मोकळे व्हा.

जुना_वाचक: अर्धं बरोबर. उदयपूरकडे सेवा मंदिर संस्थेच्या एकशिक्षकी शाळांत डुफ्लो, हॅना, रायन यांनी हा प्रयोग केला. शिक्षकाने शाळा सुरू होताना आणि सुटताना मुलांसोबत फोटो काढायचा, त्यावर तारीख-वेळ उमटलेली. महिन्यात दहा दिवसांपर्यंत ५०० रुपये, पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०. म्हणजे वीस दिवस भरले तर १०००, सव्वीस भरले तर १३००. बाकीच्या शाळांत सरसकट १०००. गैरहजेरी त्या बाकीच्या शाळांत ४२ टक्के, कॅमेऱ्याच्या शाळांत २१. मुलांचे गुणही थोडे वाढले.

पण त्या सरकारी शाळा नव्हत्या. शिक्षक कंत्राटी, आणि पैसे फोटो मोजून निघायचे. कुणाच्या सहीचा प्रश्नच नव्हता. त्याच जिल्ह्यात सरकारी नर्सबाईंसाठी तारीख-वेळेचं यंत्र लावलं. पहिले काही महिने हजेरी जवळपास दुप्पट झाली. मग आरोग्य विभाग ‘सूट दिलेले दिवस’ मंजूर करत गेला. कागदावर अनुपस्थिती घटली, सूट वाढली. १६ महिन्यांनी यंत्र असलेल्या आणि नसलेल्या आरोग्य केंद्रांत काही फरक उरला नव्हता.

केतकी_म: म्हणजे तो अडीच टक्के आकडाही तसाच असू शकतो? कारण कुणी सांगितलं यावरच तो उभा आहे ना?

जुना_वाचक: शंका रास्त आहे. मुख्याध्यापक आपल्याच सहकाऱ्याबद्दल ‘दांडी’ म्हणेल का? केनियात बालवाडीच्या शिक्षकांना हजेरीवर बक्षीस द्यायचं काम मुख्याध्यापकांकडे दिलं, तर त्यांनी सगळ्यांनाच देऊन टाकलं.

खडूफळा: मग मी बैठकीला गेले तर ते कोण ठरवणार? यंत्र? बैठकीचा आदेश तोंडी, फोनवर येतो. माझ्याकडे पुरावा नसतो आणि ‘सूट’ न मिळाल्यास पगार माझा कापला जाईल.

जुना_वाचक: तुमचा मुद्दा मान्य. बैठकीचा आदेश लेखी आणि आदल्या दिवशी, एवढी अट घातली तरी सोळातले किती खरे ते कळेल. आदेश काढणाऱ्यालाही हिशेब द्यावा लागेल.

बोरूबहाद्दर: आणि आदेश काढणाऱ्याची हजेरी कोण घेणार?