शब्दचर्चा : 'कोनिंग-क्वार्टरिंग'ला मराठीत काय लिहायचं?

अनुजा_सांगली : कचरा डेपोवरच्या नमुना-तपासणीची कार्यपद्धती मराठीत लिहिते आहे. मसुद्यात 'शंकुकरण व चतुर्थांशन' आलंय, पण ते वाचून डेपोवरचा मुकादम काय करणार? शिवाय 'मॉइश्चर'ला आर्द्रता म्हणू की ओलावा?

हळदवाला : मार्केट यार्डात पोत्यात नळी खुपसली, मूठभर हळद काढली की झालं. त्याला आम्ही 'नमुना काढणे' म्हणतो. तेवढंच लिहा की.

जुना_लॅबवाला : दादा, तुमच्या पोत्यात वरपासून खालपर्यंत हळदच असते. मिश्र कचऱ्यात नळी खुपसली तर कधी नुसती राख येईल, कधी चप्पल. म्हणून ढिगाच्या आतून-बाहेरून बऱ्याच ठिकाणचा कचरा उचलून सगळा मिळून 100 किलोच्या आसपास करायचा, ताडपत्रीवर कालवायचा, त्याची रास घालायची, रास चपटी करून चार वाटे पाडायचे. मी तर 'रास घालून चौवाटे करणे' लिहीन. खळ्यावर रास घातलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही.

केदार_विटा : क्वार्टर म्हणजे पाव. त्यातला पाव हिस्सा ठेवायचा ना? मग 'पाव नमुना' सुटसुटीत आहे.

जुना_लॅबवाला : चार भाग करायचे हे बरोबर, पण ठेवायचे दोन, तेही समोरासमोरचे. म्हणजे दर खेपेला माल निम्मा होतो : 100 चा 50, मग 25. राहिलेले दोन वाटे बाजूला टाकायचे आणि ठेवलेल्या दोघांची पुन्हा रास. 'पाव' लिहिलंत तर कोणीतरी एकच वाटा उचलेल.

केदार_विटा : कालवलेलंच आहे तर शेजारशेजारचे दोन घेतले म्हणून काय बिघडलं?

जुना_लॅबवाला : रास घालताना माती-राख मधे बसते आणि नारळाच्या करवंट्या, बाटल्या घरंगळून कडेला जातात. फावडं एकाच बाजूने पडत राहिलं की शेंडा सरकतो आणि एका अंगाला जड माल साठतो. समोरासमोरच्या वाट्यांत हा कल बराचसा फिटतो, शेजारच्यांत तो जसाच्या तसा उतरतो. खरं तर ही पद्धत कोरड्या, दाणेदार मालाची. भाजीचा लगदा घरंगळत नाही, गोळा होऊन बसतो. त्यामुळे गाठ मारलेल्या पिशव्या आधी फाडायच्याच. नाहीतर अख्खी पिशवी एकाच वाट्यात जाते. आणि ठेवायच्या वाट्याखालची धूळ ताडपत्रीवरून झाडून त्याच वाट्यात घ्यायची. ती राहिली तर मातीचा टक्का गुपचूप घटतो.

अनुजा_सांगली : 'चौवाटे' मसुद्यात घातलं. आता ओलाव्याचं सांगा, सर. अहवालात 'ओला कचरा 56 टक्के' आणि 'ओलावा 56 टक्के' असं दोन्ही आलंय. छपाईची चूक असेल का?

जुना_लॅबवाला : आकडे जुळले हा योगायोग. ताई, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. 25 किलो निवडल्यावर काय आलं ते बघा : स्वयंपाकघर-भाजी 13.5, प्लास्टिक 3.5, कागद-पुठ्ठा 2.5, कापड 1, काच-धातू 0.5, माती-बारीक 3.2. बेरीज 24.2. म्हणून 13.5 भागिले 24.2, साधारण 56 टक्के, हा 'ओला कचरा', म्हणजे प्रकार. ओलावा म्हणजे पाणी, आणि ते कागदातही असतं, प्लास्टिकला चिकटलेलंही असतं. हवेतली ती आर्द्रता. मालातला तो ओलावाच लिहा.

केदार_विटा : 25 मधले 0.8 किलो कुठे गेले?

जुना_लॅबवाला : उन्हात निवडत बसलात तर पाणी उडतं, काही ताडपत्रीवर निथळतं. म्हणून ओलाव्याचा नमुना निवडायच्या आधीच घट्ट पिशवीत बांधायचा. तूट याहून बरीच मोठी दिसली तर काटा किंवा निवडणारे तपासा. इथे 1000 ग्रॅमचा नमुना 105 अंशांवर, वजन स्थिर होईपर्यंत वाळवला, उरला 440. ओल्या वजनावर ओलावा 56 टक्के.

केदार_विटा : आमच्या मुलीच्या प्रकल्पात 127 टक्के आलाय. शंभराच्या वर कसा जाईल? चूकच ना?

जुना_लॅबवाला : तिने 560 ला 440 ने भागलं असेल, म्हणजे सुक्या वजनावर. चूक नाही, आधार वेगळा. आकड्यापुढे 'ओल्या वजनावर' लिहिलं नाही तर वाचणारा फसतो.

माधुरी_मिरज : 105 ला पातळ पिशव्या आक्रसून आत पाणी कोंडतं. आम्ही 75 ला ठेवतो, वेळ जास्त देतो.

जुना_लॅबवाला : प्लास्टिक वेगळ्या ताटलीत वाळवा, बाकीचं 105 लाच. 75 ला स्थिर वजन यायला फार वेळ जातो आणि घाईत ट्रे लवकर काढले जातात.

माधुरी_मिरज : पण 105 ला कुजक्या मालातलं पाण्याशिवाय दुसरंही काही उडून जातं आणि तेही ओलाव्यातच मोजलं जातं. मला ते पटत नाही.

अनुजा_सांगली : मग तापमानाची जागा रिकामी ठेवते, लॅबने आपलं भरावं. 'माती-बारीक'ला काय लिहू? मुकादम 'चाळण' म्हणतात.

हळदवाला : चाळण म्हणजे आमच्याकडे चाळायचं भांडं. खाली पडतं तो चाळ.