अनुभव धागा : एकच नवीन प्रॉडक्ट, हातात चार आठवडे. टीझर, सुरुवातीची किंमत आणि पहिले रिव्ह्यू

धागाकर्ती – रिकामटेकडी
एकच नवीन वस्तू बाजारात आणायचीय, माणसं दोन-तीन, जाहिरातीचं बजेट बेताचं आणि वेळ चार आठवडे. अशा वेळी कुठल्या आठवड्यात काय केलंत, इंट्रो किंमत किती ठेवलीत आणि कशी काढलीत, पहिले रिव्ह्यू कुठून आले, ते सविस्तर लिहा. 'आधी ब्रँड उभा करा' छाप सल्ले कृपया नकोत.

खटपट्या
आमचा पुस्तकाला चिमट्याने लावायचा छोटा दिवा होता. प्लॅन आम्ही उलटा लिहिला, म्हणजे अठ्ठाविसाव्या दिवसापासून मागे मागे येत. कारण असं की ऑर्डर आल्यावर पार्सल हातात पडायला पाचेक दिवस जातात, मग माणूस आठवडाभर वापरणार तेव्हा कुठे त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असणार. म्हणजे विक्री सुरू झाल्यापासून पहिला खरा रिव्ह्यू यायला बारा दिवस धरा. विक्री चौथ्या आठवड्यात उघडली तर सगळा गाजावाजा संपतो तरी पेजवर एक रिव्ह्यू नाही. म्हणून आम्ही विक्री पंधराव्या दिवशी ठेवली आणि वापरून बघायला द्यायचे वीस नग पहिल्याच आठवड्यात बाहेर काढले, टीझर सुरू व्हायच्याही आधी.

हे वीस जण मित्रमंडळी नव्हती, आमच्या जुन्या गिऱ्हाइकांतले रात्री वाचत बसणारे लोक होते. त्यांना 'रिव्ह्यू द्या' असं म्हटलंच नाही. दोन प्रश्न पाठवले, एक, कुठे आणि कसा वापरलात, आणि दोन, काय खटकलं. दुसऱ्या प्रश्नाने आमचं काम केलं. तिघाचौघांनी वेगवेगळं लिहिलं की जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकावरून चिमटा सरकतो, एकीने तर फोटोच टाकला, दिवा मान टाकून पडलेला. प्रॉडक्ट बदलायला वेळ नव्हता, पण वर्णनात सरळ लिहिलं की एवढ्या जाडीपर्यंतच बसतो, त्याहून जाड असेल तर आतल्या पानांच्या गठ्ठ्याला लावा. नंतर रिटर्न आले ते इतर कारणांनी, या कारणाने जवळजवळ नाहीच.

अर्धविराम
वीस नग फुकट वाटले म्हणजे ते रिव्ह्यू विकतच घेतले की हो.

खटपट्या
@अर्धविराम, चांगलंच लिहा अशी अट घातली असती तर हो. आम्ही अट घातली नाही आणि प्रत्येकाला 'नग कंपनीकडून मोफत मिळाला' हे वरच लिहायला सांगितलं. शिवाय ते सगळं आमच्या स्वतःच्या पेजवर होतं. मोठ्या विक्री साइटवर असलं चालत नाही हे लक्षात ठेवा. अमेझॉनने २०१६ मध्येच फुकट किंवा सवलतीच्या मालाच्या बदल्यात रिव्ह्यू घेणं बंद केलं, 'व्हाइन' नावाच्या त्यांच्या स्वतःच्या प्रोग्रॅममधून, म्हणजे अमेझॉनच निवडक लोकांना माल देऊन रिव्ह्यू घेतं त्यातून आलेले तेवढे चालतात.

गुलबक्षी
टीझरबद्दल लिहिते. आमच्याकडे आधी ठरलं होतं की आठवडाभर गूढ ठेवायचं, नुसत्या सावल्या, नुसतं 'येतंय काहीतरी'. कॉमेंट्स भरपूर आल्या, सगळे खूश. मी विचारलं की यातल्या किती जणांनी नाव नोंदवलं, तर फॉर्मच दिला नव्हता! मग दुसऱ्या टीझरपासून वस्तू दाखवली, ती काय काम करते ते एका वाक्यात सांगितलं आणि खाली नावनोंदणीचा फॉर्म. कॉमेंट्स कमी झाल्या पण नावं यायला लागली, आणि विक्रीच्या दिवशी विकत घेणारे बहुतेक याच यादीतले निघाले. गूढ एखाद दोन दिवसच पुरतं, त्यानंतर लोकांना ते काय आहे याचंही काही वाटेनासं होतं.

अजून एक, यादीतल्या लोकांना विक्री एक दिवस आधी उघडून द्या. त्यांना मान दिल्यासारखं होतं हे आहेच, पण खरा फायदा वेगळा. आमच्या पेमेंट पेजवर डिलिव्हरीचा चार्ज दोनदा लागत होता, ते पन्नासेक लोकांतच कळलं. सगळ्यांना एकदम उघडलं असतं तर रात्रभर पैसे परत करत बसलो असतो.

दणकट
एवढं काय त्यात, सुरुवातीला किंमत जेवढी पाडता येईल तेवढी पाडायची, लोकांना सवय लागली की वाढवायची. आम्ही असंच केलं, पहिला आठवडा तुफान माल गेला.

हिशोबनीस
@दणकट, माल गेला हे खरं, पण उरलं किती? समजा वस्तू तुम्हाला पॅकिंगसकट ६० ला पडते आणि कायमची किंमत १०० आहे. एका नगामागे ४० सुटतात. १५ टक्के कमी केलेत तर ८५ ला विकाल आणि सुटतील २५. म्हणजे १०० नगांत जे मिळालं असतं त्यासाठी आता १६० विकायला हवेत. २५ टक्के कमी केलेत तर सुटतात १५, आणि तेवढ्याच पैशांसाठी २६७ नग जायला हवेत. जाहिरातीचा आणि रिटर्नचा खर्च अजून धरलाच नाही. सवलत फक्त २५ टक्के दिसते, पण तुमची कमाई ६० टक्क्यांहून जास्त गेलेली असते. मी तरी सवलत नगामागे जे सुटतं त्याच्या निम्म्यापलीकडे जाऊ देत नाही.

दुसरं म्हणजे १०० वर काट मारून खाली ८५ लिहू नका. ती वस्तू १०० ला अजून कुणी घेतलेलीच नाही, मग काट कसली मारताय? बऱ्याच देशांत हे दिशाभूल करणं धरतात. त्यापेक्षा पहिल्या दिवसापासून लिहा, 'सुरुवातीची किंमत ८५, अमुक तारखेच्या रात्री बारापासून १००'. मग किंमत वाढली की कुणी भांडायला येत नाही.

दणकट
भांडायला आले होते खरे. पण आम्ही वाढवल्यावर विक्री बसली म्हणून परत आठवडाभर सवलत दिली.

हिशोबनीस
मग शेवटच्या रात्री घाईघाईने घेतलेल्यांनी काय करायचं? पुढच्या वेळी ते तारखेवर विश्वास ठेवणार नाहीत.

निवांत
माझा ऑनलाइन कोर्स आहे, त्याला हे लागू होईल का? डिलिव्हरी लगेच होते, पण कोर्स पूर्ण करायला लोकांना दोन महिने लागतात, मग रिव्ह्यू कधी मागू?

गुलबक्षी
@निवांत, अख्ख्या कोर्सचा नका मागू, पहिल्या धड्याचा मागा. 'पहिला धडा करून काय जमलं' असं विचारा आणि तो पहिल्या धड्याचाच अभिप्राय आहे असं स्पष्ट लिहून लावा.

खटपट्या
आमच्याकडेही रिव्ह्यूचा मेसेज आधी ऑर्डरच्या तारखेवरून जायचा, त्यामुळे पार्सल न मिळालेल्यांनाही 'कसा वाटला दिवा?' जायचं आणि ते चिडून एक स्टार द्यायचे, त्यात दिव्याचा काय दोष. मेसेज डिलिव्हरीच्या तारखेपासून सात दिवसांनी लावला आणि हे थांबलं. इंट्रो किंमत पंचविसाव्या दिवसापर्यंत ठेवली होती, म्हणजे वीस जणांचे अभिप्राय आणि कमी किंमत दोन्ही दहाएक दिवस एकत्र दिसले.

रिकामटेकडी
सवलत तारखेने संपवायची की पहिल्या अमुक इतक्या नगांनी? माझ्याकडे मालच मोजका आहे.

हिशोबनीस
मोजका असेल तर नगांनी, आणि किती उरले ते पेजवर खरं दिसू द्या.

गुलबक्षी
मला नाही पटत. नग दोन तासांत संपले तर यादीतले अर्धे लोक तोंड फुगवून बसतात. त्यांच्यासाठी वेगळे बाजूला काढून ठेवणार असशील तरच कर.