मदत हवी आहे : अभिप्राय उशिरा आल्याने लांबलेल्या कामाबद्दल ग्राहकाला ईमेल कसा लिहावा?

शाईपेन
मी मांडणी आणि छपाईची कामे स्वतंत्रपणे घेते. एका पतसंस्थेचा ४८ पानी वार्षिक अहवाल (१५०० प्रती) माझ्याकडे आहे. पहिले प्रूफ मी १ ऑगस्टला दिले आणि दुरुस्त्या ६ ऑगस्टपर्यंत एकत्रित याव्यात असे ठरले होते. प्रत्यक्षात त्या तीन हप्त्यांत आल्या : ८ तारखेला अध्यक्षांचे मनोगत, १३ ला संचालकांची छायाचित्रे आणि १९ ला ताळेबंदातील बदल. छापखान्यात १८ ऑगस्टपासून राखून ठेवलेले मशीन त्यामुळे हातचे गेले आणि प्रती ३० ऑगस्टला देणे आता शक्य नाही. सभा २४ सप्टेंबरला आहे. माझ्या मसुद्याची सुरुवात "आपल्याकडून झालेल्या दिरंगाईमुळे" अशी आहे; ती खरी असली तरी मला खटकते आहे. सचिवांशी संबंध चांगले आहेत आणि ते मला टिकवायचे आहेत.

माणदेशी
ताई, पुढच्या करारात एक वाक्य घाला : ठरलेल्या मुदतीत उत्तर आले नाही, तर प्रूफ मंजूर समजले जाईल. मी माहितीपत्रकांच्या कामात हेच करतो आणि उशीर बराच कमी झाला आहे.

खिळेजुळारी
माहितीपत्रकाला ते चालेल. येथे मात्र मौनाला संमती मानून ताळेबंद छापला आणि त्यातला एक आकडा लेखापरीक्षकांच्या प्रतीशी जुळला नाही, तर पंधराशे प्रती रद्दीत जातील. आकड्यांच्या पानांवर सहीच हवी.

आता मूळ प्रश्नाकडे. नवी तारीख ३० ऑगस्टपासून पुढे न मोजता सभेच्या तारखेपासून मागे मोजा. सभा सहसा ३० सप्टेंबरपलीकडे नेता येत नाही, आणि संस्थेच्या उपविधींत नोटिशीसाठी चौदा पूर्ण दिवस असतील, तर पाठवण्याचा आणि सभेचा दिवस वगळून नोटीस ९ सप्टेंबरला टपालात पडली पाहिजे. सचिवांना खरी काळजी त्या तारखेची असणार, तेव्हा ईमेलमध्ये ती आधी येऊ द्या. कारण सांगताना विशेषणे टाळून फक्त तारखा द्या. दोष कोणाचा हे त्या स्वतःच सांगतात. शिवाय, ६ तारीख उलटल्यावर तुम्ही आठवण केव्हा केलीत?

शाईपेन
११ तारखेला. पाच दिवस वाट पाहिली, ही माझी चूक आहे.

खिळेजुळारी
मग तेही एका वाक्यात लिहा, म्हणजे बाकीच्या तारखांवर विश्वास बसतो. उशीर १३ दिवसांचा असून प्रती, समजा, सहाच दिवस लांबत असतील, तर उरलेले सात दिवस कुठे वाचवले तेही दाखवा. नाहीतर पहिल्याच वेळापत्रकात पाणी होते, असा अर्थ निघतो.

कोरा_कागद
जादा दुरुस्त्यांचे पैसे मागायचे असतील, तर माझा अनुभव ऐका. एका लग्नपत्रिकेत सहा वेळा बदल झाले, शेवटी मी बिल वाढवले आणि ते आजतागायत मिळाले नाही.

शाईपेन
पैशांचा प्रश्न मी तूर्त बाजूला ठेवला आहे. छापखान्याशी बोलून नवा मसुदा केला :

"महोदय,
सभेची नोटीस ९ सप्टेंबरपर्यंत टपालात जावी यासाठी अहवालाच्या सर्व प्रती ५ सप्टेंबरला आपल्या कार्यालयात पोहोचवण्याचे नियोजन केले आहे. पूर्वीची तारीख ३० ऑगस्ट होती. पहिल्या प्रूफवरील दुरुस्त्या ६ ऑगस्टपर्यंत अपेक्षित होत्या. त्या ८, १३ व १९ ऑगस्टला मिळाल्या, आणि त्यामुळे १८ ऑगस्टची छपाईची वेळ सोडावी लागली. मीही आपणास ११ तारखेपूर्वी स्मरण द्यायला हवे होते.
दुसरे प्रूफ २२ ऑगस्टला देते. अंतिम मंजुरीचा अवधी पाचऐवजी तीन दिवसांचा, म्हणजे २५ ऑगस्ट सायंकाळी ५ पर्यंत ठेवला आहे. मंजुरी आणि छपाई यांमधले तीन दिवस कमी केले आहेत, आणि छपाई व बांधणी बाराऐवजी दहा दिवसांत होईल. सर्व दुरुस्त्या एकाच व्यक्तीमार्फत, एकाच प्रतीवर आणि ताळेबंदाच्या पानांवर सहीसह याव्यात. मंजुरी २५ नंतर आल्यास २६ ऑगस्टची छपाईची वेळ राहणार नाही आणि ५ सप्टेंबरची तारीख मला पाळता येणार नाही. ही व्यवस्था मान्य असल्याचे कृपया उद्यापर्यंत कळवावे."

माणदेशी
"पाळता येणार नाही" हे जरा कठोर वाटते. "अडचण येऊ शकते" असे लिहिले तर?

खिळेजुळारी
नको. "येऊ शकते" वाचून २७ तारखेला प्रूफ येते, हे मी अनेकदा पाहिले आहे. मसुदा आहे तसाच पाठवा, आणि पाठवल्यावर सचिवांना फोन करून २५ तारीख तोंडीही सांगा. सही कोण करणार, हेही त्याच वेळी विचारा.

शाईपेन
पाठवला आणि फोनही केला. तारखा त्यांना मान्य आहेत. सही व्यवस्थापकांची की लेखापरीक्षकांची, हे मात्र ते उद्या संचालकांना विचारून सांगणार आहेत. लेखापरीक्षक २४ ला गावाला जाणार असल्याचे आत्ताच कळले, म्हणून दुसऱ्या प्रूफमधली ताळेबंदाची पाने मी २१ लाच वेगळी पाठवते आहे.