मदत हवी आहे: समान ध्रुवतेच्या टॅग प्रश्नातील स्वर चढता की उतरता?

दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी ब्रिटिश इंग्रजीतील टॅग प्रश्नांचा श्राव्य सराव तयार करत आहे. साहाय्यक क्रियापदाची निवड स्पष्ट आहे: मूळ वाक्यात ते असेल तर तेच घ्यायचे, नसेल तर ‘डू’चे योग्य रूप. होकारी वाक्याला नकारी टॅग आणि उलट. ‘ही हार्डली स्पीक्स’ हे अर्थाने नकारी असल्याने पुढे ‘डझ ही?’ येते. ‘आय डोन्ट थिंक ही विल कम, विल ही?’ यात टॅग ‘विल’वरून आणि नकार ‘डोन्ट’वरून ठरतो, पण ‘शी थिंक्स ही विल कम’ म्हटले की तो ‘डझन्ट शी?’ होतो, हेही पडताळून घेतले आहे.

‘यू लॉक्ड द डोअर, डिडन्ट यू?’ यात टॅगचा स्वर चढला तर बोलणाऱ्याला खरोखर शंका असते. उतरला तर त्याला फक्त दुजोरा हवा असतो. येथपर्यंत अडचण नाही.

अडचण ‘सो यू लॉक्ड द डोअर, डिड यू?’ या समान ध्रुवतेच्या रूपाची आहे. व्याकरणे येथे सहसा चढता स्वर सांगतात आणि समोरच्याच्या बोलण्यावरून काढलेला निष्कर्ष, प्रसंगी उपरोध, असा अर्थ देतात. केवळ नियम नव्हे, ऐकलेला वापर कळला तर अधिक उपयोग होईल (अमेरिकन उच्चार आणि ‘इनिट’ तूर्त बाजूला ठेवले आहेत). या रूपात उतरता स्वर स्वाभाविक वाटतो का, आणि वाटत असल्यास उपरोध त्या उताराने कळतो की केवळ संदर्भाने?