मदत हवी आहे : जुलाब, उलटी, चक्कर, भरती... सीआरएफमध्ये एई किती ओळींत लिहायचे?

मांडवीकाठ : मधुमेहाच्या औषधाची बाह्यरुग्ण चाचणी आहे, मी कोऑर्डिनेटर. एका सबजेक्टची तिसरी भेट आज, ४ सप्टेंबर २०२५ ला झाली. केसपेपरवर पीआयनी लिहिलंय : "चवथीच्या दोन दिवस आधी जुलाब सुरू, दिवसाला ५-६. दोनदा उलटी, चक्कर. म्हापशाला नर्सिंग होममध्ये एक रात्र, सलाईन. आता बरा. गुडघा दुखतो, जुनंच." डिस्चार्ज कार्डावर अॅक्यूट गॅस्ट्रोएन्टरायटिस, भरती २६ ऑगस्ट रात्री ९, घरी २७ ला सकाळी १०. डायरीत जुलाब २५ ते २८, आणि २६, २७ ला गोळीचा रकाना रिकामा. एएलटी ६२ आलंय, मर्यादा ४०, मागच्या भेटीत ३८ होतं. मी एईच्या पानावर पाच ओळी केल्यात : जुलाब, उलटी, चक्कर, भरती, गुडघेदुखी. बरोबर आहे का?

डोंगरवाट : जुलाब, उलटी वेगळं लिहू नका, निदान आहे ना, तेच एका ओळीत घाला. एका रात्रीत सलाईनवर बरा झाला म्हणजे मॉडरेट. साधा एई आहे, एसएईचा फॉर्म कशाला?

सोर्सवाली : पहिलं वाक्य बरोबर, दुसरं घातक. मॉडरेट हा तीव्रतेचा रकाना. सीरियस आहे की नाही हा वेगळा रकाना, आणि बाह्यरुग्ण चाचणीत रुग्णालयात भरती हा त्यातला एक निकष आहे. त्रास मध्यम असूनही घटना सीरियस असू शकते.

मांडवीकाठ, 'भरती' ही ओळ खोडा. भरती हा घटनेचा परिणाम, घटना नव्हे. ओळ अशी होईल : अॅक्यूट गॅस्ट्रोएन्टरायटिस, सुरुवात २५ ऑगस्ट, शेवट २८ ऑगस्ट, मॉडरेट, सीरियस होय (भरती), परिणाम पूर्ण बरा. शेवट म्हणून डिस्चार्जची २७ तारीख टाकण्याची चूक फार होते. माणूस घरी गेला तरी जुलाब एक दिवस चालूच होते.

'चवथीच्या दोन दिवस आधी' हे पुसू नका. यंदाची चवथ २७ ऑगस्टला होती, म्हणून २५, आणि डायरीही तेच म्हणते. पीआयनी खाली आजच्या तारखेने एक ओळ लिहून सही करावी. मागची तारीख टाकून जुनी नोंद नीट केली, तर मॉनिटरचा सगळ्या फाइलवरचा विश्वास उडतो.

औषधाबाबत कृती : दोन दिवस बंद, मग पुन्हा सुरू. पण आधी परत आलेल्या गोळ्या मोजा. रोज एक गोळी असेल तर हिशेबापेक्षा दोन जास्त उरायला हव्यात. नाही उरल्या तर डायरी किंवा मोजणी, दोन्हींपैकी एक चुकतंय. सबजेक्टला विचारा, अंदाजाने जुळवू नका. सलाईन आणि दिलेली औषधं कॉनमेडच्या पानावर याच एईच्या क्रमांकाशी जोडा.

औषधाशी संबंध आहे का, हे पीआयनीच ठरवायचं. औषधाने जुलाब होतात म्हणून 'संबंधित' आणि चवथीचं बाहेरचं खाल्लं म्हणून 'असंबंधित', असं आपण भरायचं नाही.

पेडण्याची_वाट : आमच्या चाचणीत सबजेक्टची डायरी मराठीत होती, ती भाषांतरित करून घ्यावी लागली. तुमचीही आधी करून घ्या, नाहीतर सीआरएफ अडेल.

मांडवीकाठ : डायरी छापील रकान्यांची आहे, भाषेची अडचण नाही. गुडघा आणि एएलटीचं काय? आणि एसएई कळवायचे २४ तास कधीपासून मोजायचे? आम्हाला तर आजच कळलं.

सोर्सवाली : गुडघा संमतीपत्रावर सही होण्याआधीपासूनचा असेल, तर वैद्यकीय इतिहासात. मात्र आता वाढला असेल, नवी गोळी लागली असेल, तर 'गुडघेदुखी वाढली' असा एई होतो. 'जुनंच' या एका शब्दावर ते ठरत नाही, पीआयना विचारा.

एएलटीच्या रिपोर्टवर पीआयनी क्लिनिकली महत्त्वाचं की नाही हे लिहून सही केली का? ती सही येईपर्यंत एईच्या पानावर काही चढवू नका, पण सही आजच घ्या.

२०१९ च्या नियमांत २४ तास घटना घडल्यापासून आहेत. ते उलटून गेलेत, म्हणून पीआयनी आजच केंद्रीय परवाना प्राधिकरण, स्पॉन्सर आणि एथिक्स कमिटीला कळवावं, उशिराचं कारण जोडून : सबजेक्टने भेटीतच सांगितलं. कारणाच्या पुराव्याला आजचा केसपेपर. त्यानंतर १४ दिवसांच्या विश्लेषण अहवालाचंही बघा.

डोंगरवाट : तीव्रता आणि सीरियसचं मान्य, माझी गल्लत झाली. पण भरती तेराच तासांची आहे. काही प्रोटोकॉलमध्ये २४ तासांपेक्षा कमी मुक्काम भरतीत धरत नाहीत.

सोर्सवाली : असं लिहिलेले प्रोटोकॉल असतात. नियमांतल्या व्याख्येत मात्र तासांची अट नाही. स्पॉन्सरच्या सेफ्टी विभागाकडून लेखी उत्तर घ्या, आणि ते येईपर्यंत एसएई धरूनच कळवा.

मांडवीकाठ : गोळ्या आत्ताच मोजल्या. तीन जास्त उरल्यात, दोन नव्हे. उद्या सकाळी सबजेक्टला फोन करते.