शब्दचर्चा: 'उंबरठा घनता' म्हणजे नेमकी कुठली रेषा?

पाणकावळा: पदवीच्या मुलांसाठी वन्यप्राण्यांच्या रोगांवर टिपण लिहितोय. 'मूलभूत प्रजनन अंक', म्हणजे सगळे ज्याला आर-नॉट म्हणतात तो, आणि 'उंबरठा घनता' हे दोन शब्द वारंवार येतात. 'उंबरठा घनतेखाली रोग टिकत नाही' हे वाक्य बरोबर ठरेल का?

बोरीबाभळी: प्रजनन अंक म्हणजे दर मादीमागे किती पिल्लं, तेच ना? मग वीण घटली की रोगही घटणार.

खडूफळा: नाही, इथे वीण रोगाची मोजायची. सगळी जनावरं लागण होण्याजोगी असताना एका आजारी जनावराकडून सरासरी किती जणांना थेट लागण होते, तो हा अंक. जन्मदर सूत्रात येतो, पण दुसऱ्याच दारानं.

युरोपातल्या लाल खोकडांचा रेबीज घ्या. (टिपणात 'कोल्हा' लिहू नका, तो वेगळा प्राणी.) रॉय अँडरसन, रॉबर्ट मे आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली त्याचं प्रतिमान मांडलं. लागण झाल्यावर साधारण २८ दिवस रोग दबा धरून असतो, म्हणून σ वर्षाला १३. रोग उफाळल्यावर जनावर पाचेक दिवसांत मरतं, म्हणून α ७३. जन्मदर a वर्षाला १. घनता स्थिर असेल तर मृत्युदरही तेवढाच, म्हणून a इथे मृत्यूच्या जागी बसतो. संसर्गाचा गुणांक β ८०. N म्हणजे दर चौरस किलोमीटरला किती खोकडं.

```
R0 = β·N × σ/(σ+a) × 1/(α+a)
   = 80·N × 13/14 × 1/74 ≈ N
```

मधला अपूर्णांक म्हणजे दबा धरण्याच्या काळात दुसऱ्या कारणानं न मरता उरलेली, शेवटचा म्हणजे रोग पसरवायला मिळालेला वेळ. N = १ असताना अंक १ होतो; तीच उंबरठा घनता.

रानवाट: मग सोपं आहे की. चार खोकडं असतील तर तीन मारायची, रोग गेला.

खडूफळा: कागदावर गेला. बहुतेक ठिकाणी मारून भागलं नाही, कारण मोकळ्या झालेल्या हद्दीत आजूबाजूची तरुण खोकडं शिरतात आणि वसंतातली पिल्लं उरलेली जागा भरून काढतात. N खाली राहतच नाही. लस टोचलेलं खोकड मात्र आपली हद्द धरून बसतं. किती जणांना लस द्यायची तेही याच सूत्रातून निघतं: 1 − 1/R0. घनता २ असेल तर निम्म्यांना, ४ असेल तर ७५ टक्क्यांना. स्वित्झर्लंडमध्ये १९७८ साली कोंबड्यांच्या मुंडक्यांत लस घालून ती रानात टाकली. १९९९ मध्ये देश रेबीजमुक्त जाहीर झाला.

गणितवेडा: एक खोट दाखवतो. β चं ८० हे खोकडांच्या भेटीगाठी मोजून आलेलं नाही. रेबीज साधारण १ च्या खाली टिकत नाही असं दिसलं होतं, त्यावरून उलट्या गणितानं β काढला. तेव्हा 'सूत्रानं उंबरठा १ सिद्ध केला' असं मुलांनी लिहिलं तर गुण कापा.

मूळ वाक्यही जरा सैल आहे. N = ०.८ असताना बाहेरून एक आजारी खोकड आलं, तर त्याला धरून साखळीत सरासरी १/(१ − ०.८), म्हणजे ५ जनावरं सापडतात. रोग दिसतो, फक्त मोठी साथ उठत नाही. उलट N = २ असताना एका आजारी जनावरानं सुरू झालेली साखळी साध्या प्रतिमानात निम्म्या वेळा आपोआप विझते. त्यामुळे रानातल्या नोंदींच्या आलेखात एका घनतेला पायरी दिसेल अशी आशाच नको. 'उंबरठ्याखाली मोठी साथ पेटत नाही' असं लिहा. पेटलेली साथ वर्षानुवर्षं टिकायला किती जनावरं लागतात, तो वेगळा प्रश्न. त्याला हा शब्द वापरू नका.

पाणकावळा: हे वाक्य घेतो. सगळ्याच रोगांना लागू पडेल?

खडूफळा: नाही. टास्मानियन डेव्हिलचा चेहऱ्याचा कर्करोग चाव्यातून पसरतो, आणि चावे बरेचसे विणीच्या हंगामातले. जनावरं विरळ झाली तरी जोडीदार शोधतातच, त्यामुळे भेटी फारशा घटत नाहीत. भेटी घनतेवर अवलंबूनच नाहीत असं धरलं तर सूत्रातून N गळतो आणि उंबरठाही उरत नाही.

ओलीमाती: माझा प्रकल्प गोचिडांतून पसरणाऱ्या लाइमवर आहे. हरणं प्रौढ गोचिडांना रक्त पुरवतात, पण जिवाणू त्यांच्यातून गोचिडांत जात नाही. तो मुख्यतः उंदरांतून जातो. मग N मध्ये कोणाला मोजायचं?

गणितवेडा: दोघांनाही, पण वेगवेगळं. हरणांमुळे गोचिडं वाढतात, आणि पिल्लं-गोचिडांचे काही चावे हरणांवर वाया जातात. उंबरठ्याच्या एका आकड्याऐवजी दोन घनतांमधली वक्ररेषा येते.

खडूफळा: वाया जाणारे चावे खरंच इतके असतात की अंक खाली यावा, हे मला पटत नाही. प्रौढ गोचिडांना मिळणारं रक्त त्यापेक्षा भारी पडेल.

ओलीमाती: माझ्याकडे उंदरांवरच्या गोचिडांची मोजणी आहे, हरणांवरची नाही.