बाजार शांत, तरी स्क्रिप्टने गुंतवणूक दुपटीवर का नेली?

सड्यावरचा (गुहागर): निफ्टीबीज ईटीएफमध्ये 10 लाखांचं भांडवल, वार्षिक चढउताराचं लक्ष्य 12 टक्के. स्क्रिप्ट रोज संध्याकाळी 20 दिवसांच्या परताव्यांवरून दुसऱ्या दिवशीची गुंतवणूक ठरवते. जुन्या नोंदी चाळताना दिसलं की जुलै 2024 च्या पहिल्या आठवड्यात तिने सव्वाचार लाखांवरून थेट 10 लाखांवर उडी मारली. बाजारात तेव्हा काहीच नव्हतं. सूत्र चुकलंय का?

```python
vol = ret.rolling(20).std().shift(1) * 252**0.5
w = (0.12 / vol).clip(upper=1)
```

वाशिष्ठीकाठ: सूत्र जागेवर आहे. `shift(1)` आठवणीने लावलंयस, तिथेच निम्मे लोक घसरतात.

घडलं ते जूनमध्ये. 3 जूनला निफ्टी सव्वातीन टक्के वर, 4 ला लोकसभा निकालाच्या दिवशी जवळजवळ 6 टक्के खाली, 5 ला पुन्हा 3 टक्क्यांहून जास्त वर. उरलेले सतरा दिवस 0.7 टक्क्याचे धरले तरी या तिघांमुळे रोजचं डेव्हिएशन 1.8 वर जातं, वार्षिक 29 च्या आसपास. 12 भागिले 29, म्हणजे तुझे सव्वाचार लाख. जुलैच्या सुरुवातीला ते तीन दिवस एकामागोमाग 20 दिवसांच्या खिडकीबाहेर पडले. उरलं 0.7, वार्षिक 11. भागाकार एकच्या वर गेला, तो `clip` ने रोखला.

म्हणजे खरेदीचं कारण जुलैत नव्हतंच, एक महिन्यापूर्वीच्या तारखा गळल्या एवढंच. विसाव्या दिवसापर्यंत पूर्ण वजन आणि एकविसाव्याला शून्य, हे मला कधीच पटलं नाही. `ret.rolling(20)` च्या जागी `ret.ewm(alpha=0.06)` घे, बाकी ओळ तशीच. ताज्या दिवसाला 6 टक्के वजन मिळतं आणि ते रोज थोडं थोडं उतरत 20 सत्रांनी पावणेदोनवर येतं. 4 जून हळूहळू विसरला जाईल.

काजूबोंडू: एवढा खटाटोप कशाला? खिडकी 60 ची कर, उडी संपली.

वाशिष्ठीकाठ: लहान झाली, संपली नाही. त्याच आकड्यांनी 63 टक्क्यांवरून 100 वर जाईल, फक्त जुलैऐवजी ऑगस्टच्या अखेरीस. शिवाय खरोखर वादळ आलं की माल कमी करायलाही उशीर.

फुरसं (मालवण): मला मुळातच हा प्रकार मान्य नाही. कालच्या लाटा मोजून आज शीड किती लावायचं ते ठरवणार! मे महिन्यात बाजाराची धास्ती दाखवणारा इंडिया व्हिक्स 20 च्या वर गेला होता, निकालाची तारीख पानवाल्याला ठाऊक होती, आणि तुमचं डेव्हिएशन म्हणत होतं सगळं निवांत आहे. 4 तारखेचा तडाखा मोठ्या पोझिशनवर बसला. मग 5 ला स्क्रिप्टने विकलं आणि 7 ला निफ्टी 3 जूनच्याही वर बंद झाला. तळाला विकायचं, वर घ्यायचं. ह्याला शिस्त म्हणतात होय?

वाशिष्ठीकाठ: जून 2024 बद्दल तुझं खरं आहे, तिथे मार खाल्लाच. पहिला फटका यात चुकत नाही. पण मार्च 2020 बघ. 12 आणि 16 मार्च, दोन्ही घसरणी 7 टक्क्यांहून मोठ्या. 23 ला निफ्टी 13 टक्के कोसळला तोवर हीच खिडकी गुंतवणूक पाचव्या हिश्श्याच्या आसपास आणून बसली असती. भांडवलाला झळ तीन टक्क्यांच्या आत.

फुरसं: एक कोविड दाखवून किती वर्षं जगणार? आणि एप्रिलच्या उसळीत तो पाचवा हिस्सा घेऊन काय केलं असतंत, तेही सांगा.

देवगडकर: मी निफ्टी फ्युचर घेतो, भांडवल 10 लाख. माझ्याकडे हे चालतच नाही. स्टॉपलॉस किती ठेवू?

काजूबोंडू: स्टॉपलॉसचा विषयच नाहीये इथे, अण्णा. आणि सेबीने 2024 अखेरीस कराराचं किमान मूल्य 15 लाख केलं. 10 लाखांच्या 42 टक्के म्हणजे पाव लॉटसुद्धा कसाबसा होतो. पाव लॉट कोण देणार तुम्हाला? ईटीएफ घ्या.

सड्यावरचा: `ewm` लावून बघितलं. उडी गेली, पण रोज शे-दोनशे युनिटांची चिल्लर खरेदी-विक्री सुरू झाली. आता फरक भांडवलाच्या 10 टक्क्यांहून जास्त असेल तरच ऑर्डर जाते.

नोंदींत दुसरंच भूत सापडलं. पावसात दोन दिवस लाइट नव्हती, राऊटर बंद. स्क्रिप्टने आदलाच भाव पुढे ओढला होता, म्हणजे दोन दिवस परतावा शून्य आणि तिसऱ्या दिवशी तिन्ही दिवसांचा एकत्र. आता `ffill` काढलंय, भाव आला नाही तर ऑर्डरच नाही.

फुरसं: आणि नेमकं त्याच दिवशी माल कमी करायचा असेल तर?

सड्यावरचा: तर फोनवरून हाताने. सड्यावर चढलं की रेंज येते.